सातबाऱ्याचा निरोप शोधताना

गेल्या आठवड्यात वारसनोंदीच्या कामासाठी मला दादाचा एक जुना निरोप हवा होता. "सातबाऱ्यावर आईचे नाव लागले आहे", असे त्याने जून २०२१ मध्ये कळवल्याचे मला पक्के आठवत होते. चॅटमध्ये मी 'सातबारा' असा शोध घेतला, तेव्हा इतर अनेक निरोप आले, पण तो आला नाही. 'सातबाऱ्यावर' असा पूर्ण शब्द लिहिला, तर एकही निकाल मिळाला नाही.

शेवटी शोधाच्या कॅलेंडरमधून १ जून २०२१ ही तारीख निवडली आणि तिथून खाली वाचत गेलो. दादाचा निरोप ९ तारखेला होता, म्हणजे तो पुसला गेलेला नव्हता.

पहिल्या वेळी तो का निसटला, हे समजणे सोपे आहे. असा शोध साधारणपणे शब्दाच्या सुरुवातीची अक्षरे जुळवतो. 'घर' लिहिल्यास 'घराला' सापडते, पण 'सातबारा' लिहून 'सातबाऱ्यावर' सापडत नाही, कारण विभक्ती लागताना मूळ शब्दच बदलतो. मराठीत असे शब्द पावलोपावली येतात.

दुसरे कारण मात्र डोळ्यांना दिसतच नाही. 'ऱ्या' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारात U+0931 हा स्वतंत्र 'ऱ' असतो, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे U+200D हे अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकेक चिन्ह ताडून पाहणाऱ्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. दादा संगणकावरून लिहितो आणि मी फोनवरून, त्यामुळे आमचे कीबोर्ड वेगळे. त्याच्या निरोपातला शब्द जसाच्या तसा कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकला, तेव्हा तो लगेच सापडला. नुसते 'सातबा' लिहिले, तर दोघांचेही सगळे निरोप एकत्र आले. म्हणून बदलणाऱ्या अक्षराच्या आधीच थांबणे, हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

उताऱ्याचा फोटो शोधतानाही असाच घोटाळा झाला. फोटोंच्या गाळणीत तो नव्हता, कारण अक्षरे पुसट होऊ नयेत म्हणून दादाने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता. डॉक्युमेंटच्या यादीत तो मिळाला, पण तिथेही शोध फक्त फाइलच्या नावात होत होता आणि नाव होते IMG_20210609. भूलेखच्या संकेतस्थळाचा पत्ता मात्र लिंकच्या गाळणीत पटकन सापडला.

माझे ठाम मत आहे की 'ऱ्या'ची दोन्ही रूपे शोधापूर्वी एकच मानून घेणे ही अ‍ॅप बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे. रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरे ते एक मानतात, मग आमच्या 'ऱ्या'ने काय केले? निकाल शून्य आला की माणूस "निरोप गेला" असे समजतो आणि त्या समजुतीवर कधीकधी कागदपत्रांसाठी पुन्हा तलाठ्याकडे जातो. मीही त्या सकाळी निघायच्या तयारीत होतो.