भाच्याच्या वाढदिवसाला पोहण्याचा क्लास दिला, त्यावरून थोडं लांबलचक

भाचा यंदा 8 वर्षांचा झाला आणि मी त्याला वाढदिवसाला पोहण्याचा क्लास दिला. फॅमिली ग्रुपवर फोटो पडल्यापासून दोन प्रकारचे मेसेज येतायत. एक, "अगं पण पोराच्या हातात काहीतरी द्यायचं ना" (हा आमच्या आईचा), आणि दुसरा, "मस्त आयडिया, कुठला क्लास, फी किती, लिंक पाठव". पहिल्याचं उत्तर सोपं होतं, कॅप आणि गॉगल छान कागदात गुंडाळून दिले, फाडायला मिळालं, पोरगं खूश. दुसऱ्या मेसेजसाठी ही पोस्ट लिहितेय, कारण नुसती फी भरून पावती हातात दिली की गिफ्ट झालं असं मला अजिबात वाटत नाही.

त्याच्या घरी आधीच दोन रिमोटच्या गाड्या, एक ड्रोन (पहिल्याच दिवशी आंब्याच्या झाडात), आणि ब्लॉक्सचे एवढे डबे आहेत की ताई म्हणते आता नवीन काही आणलंस तर घरात घेणार नाही. त्यामुळे वस्तू नको हे ठरलेलंच होतं. मग पोहणंच का, स्केटिंग किंवा क्रिकेट का नाही? तर त्या क्लासच्या मागोमाग वस्तू येतातच. स्केट्स वर्षभरात पायाला लहान होतात, क्रिकेटला बॅट, पॅड, हेल्मेट, ग्लव्ह्ज, म्हणजे परत तेच. पोहायला कॉश्च्युम, कॅप, गॉगल, टॉवेल, संपलं. आणि पोहणं न येण्याची किंमत जरा वेगळी असते, स्केटिंग न येणारा कोणी पावसाळी सहलीत जिवाला मुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा 6 वर्षांवरच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असंच सांगते, तेव्हा आठवं वर्ष म्हणजे काही घाई नाही.

आता मुद्द्याचं. क्लास निवडताना सगळे विचारतात पूल केवढा आहे, स्वच्छ आहे का, चेंजिंग रूम कशी आहे. मी दोनच गोष्टी धरून बसले होते, शॅलोची खोली किती आणि एका सरांकडे मुलं किती.

खोलीचं ऐका. आपल्याकडे 8 वर्षांचं मूल साधारण सव्वाशे सेंटिमीटर उंच असतं, थोडं इकडेतिकडे. बऱ्याच टँकवर "शॅलो 4 फूट आहे मॅडम, काही काळजी नाही" असं सांगतात. 4 फूट म्हणजे 122 सेंटिमीटर! म्हणजे मूल तळाला पाय टेकवून उभं राहिलं तर नाकावरून पाणी जातंय. ते मूल पूर्ण वेळ चवड्यावर उड्या मारत नाहीतर कठडा घट्ट धरून राहणार, आणि ज्याला उभंच राहता येत नाही ते मूल तोंड पाण्यात घालायला तयार कसं होईल? पाणी छातीपर्यंत हवं, तीन फुटांच्या आसपास. मी तीन ठिकाणी फोन केले, एका ठिकाणच्या माणसाला खोली माहीतच नव्हती, "लहान मुलं असतात हो इथे" एवढंच. तिथे नाही घातलं.

दुसरं, मुलं किती. एप्रिल-मेच्या बॅचला सगळीकडे झुंबड असते, 45 मिनिटांची बॅच आणि एका सरांकडे 15 पोरं. गणित करा. सर एकेकाला हाताखाली घेऊन शिकवतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 3 मिनिटं. उरलेली 42 मिनिटं मूल कठड्याला धरून पाय मारतंय नाहीतर शेजारच्याच्या तोंडावर पाणी उडवतंय. तेच 5 मुलं असली तर 9 मिनिटं मिळतात. महिन्याअखेरी किती फरक पडतो बघा. म्हणून मी मेमधली बॅच सोडली आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरची शनिवार-रविवारची घेतली, तेव्हा गर्दी ओसरते. हे आधी ताईशी बोलून केलं बरं का. न विचारता क्लास गिफ्ट देणं म्हणजे दुसऱ्याच्या वीकेंडची वाट लावणं, सकाळी साडेसातला पोराला न्यायचं कोणी? रविवारी मी नेते, शनिवारी त्याचे आजोबा, तेवढं कबूल केल्यावरच ताई हो म्हणाली. माझ्या मते गिफ्टमधला महागडा भाग हाच आहे, फी नाही.

आमच्या गावाकडे विहिरीत शिकवायचे तेव्हा शॅलो वगैरे काही नव्हतंच, सरळ तीस फूट पाणी. पण पाठीला डबा नाहीतर भोपळा, कुठे पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधलेलं असायचं, पोरगं त्याने पोटावर आडवं राहायचं, सराव होईल तसा आधार कमी करत जायचे. आणि शिकवणाऱ्या काकांचं लक्ष एका वेळी एकाच पोरावर असायचं. आताचे ते दंडात घालायचे हवेचे फुगे मात्र मुलाला पाण्यात उभं धरून ठेवतात, आणि उभं राहून कोणी पोहत नाही. ते काढले की मूल परत पहिल्या दिवसावर. त्यामुळे ते विकत घेऊ नका, कोणी दिले तर भांडी घासायच्या बाईच्या पोराला पण देऊ नका, सरळ फेकून द्या.

क्लासमध्ये नेमकं काय होतं ते कठड्यावर बसून बघितलंय, म्हणून सांगते. आधी तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने हवा सोडायची, ज्याला पोरं बबल्स म्हणतात. बघायला हा पोरखेळ वाटतो आणि पालक तिथेच कुरकुरायला लागतात की आठवडा झाला अजून बबल्सच चाललेत. पण सगळं अडतं ते इथेच. मूल पाण्यात श्वास रोखून ठेवतं, मग डोकं वर काढल्यावर त्याला आधी जुनी हवा सोडायची असते आणि मग नवी घ्यायची असते, एवढा वेळ मिळत नाही. मग ते डोकं आणखी वर काढतं, डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, की झाल्या गटांगळ्या सुरू. पाण्यातच हवा सोडायची सवय लागली की वर फक्त घ्यायचीच उरते.

मग तरंगणं. छातीत हवा असते म्हणून छाती वर राहते आणि पाय जड पडतात, त्यामुळे नजर खाली तळाकडे हवी. मग भिंतीला पाय लावून सरळ बाणासारखं सुटायचं, मग पाय. इथे आमच्या साहेबांची गाडी बरीच अडली, तो गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारायचा, फेस भरपूर पण जागचा हलायचा नाही. सरांनी त्याला कठड्यावर बसवून मांडीपासून पाय हलवायला लावले, गुडघा जवळजवळ सरळ, पंजा सैल, आणि मग किकबोर्ड देऊन पाण्यात. हे जमल्यावरच हात, आणि सगळ्यात शेवटी बाजूला मान वळवून श्वास.

मध्ये एकदा त्याने "मला जायचंच नाहीये" सुरू केलं. ताई म्हणाली राहू दे, आजोबा म्हणाले ढकला पाण्यात, आमच्या वेळी असंच शिकायचो. मी दोन्ही ऐकलं नाही, त्याला नीट विचारलं तर कळलं पाण्याची भीती नव्हती, गॉगलमध्ये पाणी शिरून डोळे चुरचुरत होते आणि ते सांगायची लाज वाटत होती. गॉगल बदलला, विषय संपला. (घेताना पट्टा न लावता गॉगल नुसता डोळ्यांवर दाबून बघा, क्षणभर चिकटून राहिला तर मापाचा. माझ्याकडून आधी ऑनलाइन मागवला गेला होता, तो राहत नव्हता.) भीती असती तर सरांना सांगून दोन पावलं मागे आणलं असतं. पण ढकलणं नाही. जो कोच रडणाऱ्या मुलाला डीपमध्ये फेकतो त्याच्याकडून पैसे बुडाले तरी मूल काढून घ्यावं या मताची मी आहे.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा. पहिल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळे आईबाप मोबाइल घेऊन उभे असतात, मूल आडवं या काठावरून त्या काठापर्यंत जातं, टाळ्या, स्टेटसला व्हिडिओ, "पोहायला शिकला". तो व्हिडिओ पुन्हा नीट बघा. बहुतेक मुलं एकदाही श्वास न घेता दम कोंडून दहा मीटर जातात आणि काठ पकडतात. काठ तिथे नसता तर? याला मी पोहणं म्हणत नाही. अमेरिकन रेड क्रॉसची एक साधी कसोटी आहे, ती मला पटते. डोक्यावरून पाणी जाईल अशा खोलीत उडी मारायची, आपलं आपण वर यायचं, एक मिनिट तरंगत राहायचं, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधायची, तिथपर्यंत साधारण 23 मीटर पोहायचं आणि शिडी न वापरता बाहेर यायचं. हे सलग, मध्ये न थांबता. यात फ्रीस्टाइल देखणी हवी असं कुठेच नाही. पुण्यात टिळक टँकवर शिकलेल्या जुन्या लोकांना विचारलं तर तेही हेच सांगतील, आधी पाण्यात टिकायला शिक, स्टाइल नंतर.

आमचा अजून तिथे पोचलेला नाही. शॅलोमध्ये छान जातो, श्वास दोनदा-तीनदा घेतो, पण डीपला उडी मारून एक मिनिट थांबणं जमत नाही, अर्ध्यात काठ धरतो. म्हणून मी पुढच्या बॅचची फी पण भरलीय, दिवाळीचं गिफ्ट आत्ताच. एका महिन्याचा क्लास देणार असाल तर मनात दुसऱ्या महिन्याचे पैसे बाजूला ठेवूनच द्या, नाहीतर मूल अर्धवट शिकतं आणि घरचे निर्धास्त होतात, हे न शिकण्यापेक्षा वाईट. आणि कसोटी पास झाला तरी टँकचं पाणी वेगळं, धरणाचं, नदीचं, कोकणातल्या समुद्राचं वेगळं, तिथे मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच.

दोन गोष्टी राहिल्या. कान फुटतो, फिट येते किंवा दमा आहे अशा मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा, सर्टिफिकेट टँकवाले मागोत न मागोत. आणि पोहून आल्यावर पोरं राक्षसासारखी खातात, डब्यात दोन पोळ्यांचे रोल जास्तीचे टाका.

तुमच्या भागात शॅलो तीन फुटांची आणि एका सरांकडे पाच-सहाच मुलं असलेला टँक असेल तर कमेंटमध्ये लिहा, बॅचच्या वेळेसकट. ठाण्यातली एक मैत्रीण आणि कोथरूडमधली चुलतबहीण, दोघी शोधतायत.