घड्याळ भाजल्यापासून चालू होते

“बर्न्सचा प्रश्न एका ओळीत सोडवा : 4 मिली × वजन × लाल झालेल्या सगळ्या त्वचेची टक्केवारी. निम्मे रिंगर लॅक्टेट दाखल झाल्यापासून 8 तासांत, उरलेले पुढच्या 16 तासांत. टक्केवारी 50 च्या वर गेली तरी 50च धरा.”

भाजलेल्या रुग्णाला पहिल्या 24 तासांत शिरेतून रिंगर लॅक्टेट हा द्रव किती द्यायचा, ते पार्कलँड सूत्राने काढायला शिकवणारा हा संदेश नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलेला पाहिला आणि गप्प बसवेना.

सर्वांत घातक चूक वेळेची आहे. केशवाहिन्यांतून द्रव पाझरणे भाजल्या क्षणापासून सुरू होते. केसपेपर निघण्याची ते वाट पाहत नाही. म्हणून पहिले 8 तास भाजल्याच्या वेळेपासूनच मोजायचे असतात. समजा, 60 किलो वजनाचा प्रौढ रुग्ण सकाळी 10 वाजता भाजला आणि दुपारी 1 वाजता दाखल झाला. छाती-पोटाची पुढची बाजू (18 टक्के) आणि पूर्ण उजवा हात (9 टक्के) फोड येऊन भाजले आहेत, म्हणजे एकूण 27 टक्के. 4 × 60 × 27 = 6480 मिली, त्याचे निम्मे 3240. हे संध्याकाळी 6 पर्यंत जायला हवे आणि हातात 5 तासच उरले आहेत, म्हणून वेग तासाला 648 मिली येतो. बहिणीच्या वहीतल्या रीतीने, म्हणजे 3240 ला 8 ने भागून, तो 405 येतो. त्या वेगाने 6 वाजेपर्यंत 2025 मिलीच जातील, म्हणजे 1215 मिली कमी पडतील. वाटेत 500 मिली दिले गेले असतील, तर ते 3240 मधून आधी वजा करावेत. उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत, तासाला सुमारे 203 मिली.

याच रुग्णाचा चेहरा फोड न येता नुसता लाल असेल, तर तो टक्केवारीत येत नाही. तो साडेचार टक्के म्हणून धरला, तर 1080 मिली विनाकारण वाढतात, आणि जादा द्रवाने सूज वाढते.

50 टक्क्यांची मर्यादा द्रव काढण्याच्या जुन्या ब्रुक सूत्रात होती. पार्कलँड सूत्रात ती नाही.

4 मिली हा आकडा पार्कलँडचाच आहे, एवढे मान्य करावे लागते. मात्र अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या एटीएलएस या गंभीर जखमींवरील उपचारांच्या अभ्यासक्रमाची 2018 ची दहावी आवृत्ती प्रौढांसाठी, विजेने भाजलेले वगळता, 2 मिलीपासून सुरुवात करायला सांगते, आणि 8 तास भाजल्यापासूनच मोजते. त्यामुळे प्रश्नात कोणते सूत्र दिले आहे, ते आधी वाचावे.

शिवाय सूत्रातून मिळतो तो फक्त सुरुवातीचा वेग. पुढे दर तासाची लघवी मोजून तो कमी-जास्त केला जातो. प्रौढात किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे या रुग्णात 30 मिली, हे लक्ष्य असते. लघवी सतत त्याहून बरीच जास्त होत असेल, तर गणित काहीही सांगो, सलाइनचा वेग कमी करायचा असतो.