अंधाऱ्या पट्ट्यातली ऊर्जा कुठे जाते? दोन फटींच्या प्रयोगाबद्दलच्या चार विधानांचा प्रतिवाद

“दोन फटींतून प्रकाश सोडला की प्रत्येक फटीच्या समोर एक उजळ पट्टा पडतो आणि मधोमध सावली राहते. शिखरावर शिखर आले की उजेड, दरीवर दरी आली की अंधार, एवढेच त्यामागचे शास्त्र. अंधाऱ्या पट्ट्यात दोन्हीकडचा प्रकाश एकमेकांना संपवतो, म्हणजे ऊर्जा नष्ट होते. ती अक्षय्य असते हे पुस्तकात वाचायलाच ठीक. आणि हे सगळे खरे असते, तर खोलीत दोन दिवे लावल्यावर भिंतीवर काळे पट्टे दिसले नसते का?”

या चारही विधानांची तपासणी एकाच मांडणीवर करता येते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर घ्यावा, त्याच्या वाटेत परस्परांपासून ०.२५ मिलिमीटर अंतरावर असलेल्या दोन उभ्या, अरुंद फटी ठेवाव्यात आणि २ मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर काय उमटते ते अंधाऱ्या खोलीत पाहावे.

भिंतीवर दोन पट्टे उमटत नाहीत. एक आडवी लाल पट्टी दिसते आणि ती उभ्या काळ्या रेघांनी सारख्या अंतरावर तुटलेली असते. लागोपाठच्या दोन उजळ पट्ट्यांच्या मध्यांतले अंतर मोजले तर ते ५.२ मिलिमीटर भरते. दोन्ही फटींच्या ‘बरोबर समोरच्या’ जागा भिंतीवर एकमेकींपासून जेमतेम पाव मिलिमीटरवर आहेत, म्हणजे त्या दोन्ही मधल्या एकाच उजळ पट्ट्याच्या पोटात सहज मावतात. आणि जिथे सावली असायला हवी होती ती फटींच्या मधोमध समोरची जागाच सर्वांत उजळ असते. एवढ्यावर समाधान होत नसेल तर फटींमधले अंतर निम्मे करून पाहावे. पट्टे फटींच्या समोर पडत असते तर ते जवळ आले असते. प्रत्यक्षात ते लांब जातात आणि त्यांच्यातले अंतर दुप्पट, म्हणजे १०.४ मिलिमीटर होते. पहिले विधान या एका कसोटीवर निकालात निघते, कारण फटींच्या सावल्यांचे कोणतेही गणित हा उलटा संबंध देऊ शकत नाही.

हा संबंध येतो तो पथफरकातून. भिंतीवरचा कोणताही बिंदू घेतला की तिथपर्यंत पोहोचायला एका फटीपासून निघालेल्या प्रकाशाला एक अंतर कापावे लागते, दुसऱ्या फटीपासून निघालेल्याला किंचित वेगळे, आणि या दोन अंतरांतली वजाबाकी म्हणजे पथफरक. २ मीटरच्या वाटेत या लाल प्रकाशाच्या तीस लाखांहून अधिक तरंगलांबी मावतात, पण त्या एकूण आकड्याला इथे काही किंमत नाही. निर्णय होतो तो केवळ फरकावर. मधल्या बिंदूपासून दोन्ही फटी सारख्याच दूर आहेत, म्हणून तिथे पथफरक शून्य. दोन्ही फटींतून एका तालात निघालेले तरंग तिथे एका तालातच पोहोचतात आणि परस्परांना बळ देतात.

आता मध्यापासून २.६ मिलिमीटर बाजूला सरकू या. भिंत २००० मिलिमीटरवर असल्यामुळे प्रकाशाच्या वाटेचा तिरपेपणा २.६ भागिले २०००, म्हणजे ०.००१३ एवढा आहे. त्याला फटींमधल्या ०.२५ मिलिमीटरने गुणले की दूरच्या फटीला जास्तीची किती वाट पडते ते मिळते: ०.०००३२५ मिलिमीटर, म्हणजेच ३२५ नॅनोमीटर. हे ६५० च्या बरोबर निम्मे आहे. दूरच्या फटीकडून येणारा तरंग अर्धी तरंगलांबी मागे पडतो आणि या ठिकाणी पहिली काळी रेघ सापडते. आणखी तेवढेच सरकून ५.२ मिलिमीटरवर गेले की पथफरक एक पूर्ण तरंगलांबी होतो. मागे पडलेला तरंग एक पूर्ण आवर्तन चुकलेला असतो, म्हणून तो पुन्हा तालात येतो आणि तिथे उजळ पट्टा असतो. ७.८ मिलिमीटरवर फरक दीड तरंगलांबी, म्हणून पुन्हा अंधार.

दुसऱ्या विधानाचा पूर्वार्ध बरोबर आहे आणि त्यामुळेच उत्तरार्ध फसवा ठरतो. ज्या बिंदूवर या क्षणी दरीवर दरी येते, तिथे अर्ध्या आवर्तनानंतर शिखरावर शिखर येणार असते. ती एकाच उजळ जागेची दोन क्षणांतली रूपे आहेत. मला वाटते हा गैरसमज आकृतीतून येतो. वर्तुळे काढून शिखरांसाठी सलग रेघ आणि दऱ्यांसाठी तुटक रेघ वापरली जाते, आणि एका गोठवलेल्या क्षणाचे ते चित्र कायमस्वरूपी नकाशा समजले जाते. तरंग मधल्या पातळीपासून जेवढा ढळतो ते त्याचे विचलन; दरीत त्याची दिशा उलटी असते, पण त्यात ऊर्जा कमी नसते. या लाल प्रकाशात शिखर आणि दरी यांची अदलाबदल सेकंदाला सुमारे ४६० लाख कोटी आवर्तनांच्या वेगाने चालते, तेव्हा डोळ्याला दिसतो तो केवळ सरासरी प्रखरपणा. काळी रेघ तिथेच असते, जिथे एका तरंगाचे शिखर नेहमीच दुसऱ्याच्या दरीवर येते. उथळ पाण्यात दोन टोके एकाच वेळी खालीवर हलवणारे उपकरण असेल तर हे संथपणे पाहता येते: काही ठरावीक रेषांवर तरंगणारा बुचाचा तुकडा जवळजवळ हलत नाही, आणि त्या रेषांच्या मधल्या भागात तोच तुकडा एका तरंगाने वर गेला असता त्याहून जास्त वर जातो आणि तेवढाच खालीही येतो.

या नियमाला एक अट आहे आणि ती अनेकदा गाळली जाते. ‘पूर्ण पटीला उजेड, अर्ध्या पटीला अंधार’ हे दोन्ही उगम एका तालात असतील तेव्हाचे आहे. ते परस्परविरुद्ध तालात असतील तर सगळे उलटते आणि पथफरक शून्य असलेल्या मध्यावरच अंधार येतो. घरच्या दोन स्पीकरांपैकी एकाच्या धन-ऋण तारा चुकून उलट जोडल्या तर दोघांच्या मधोमध बसलेल्याला खर्जाचा आवाज पडलेला जाणवतो, तो याच कारणाने. शिवाय पथफरकाचा हिशेब फक्त दोन तरंगांची बेरीज कशी होईल ते सांगतो. तिथे तरंग पोहोचतात की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्या फटी प्रत्येकी ०.०५ मिलिमीटर रुंद असतील तर मध्यापासून २६ मिलिमीटरवरचा पाचवा उजळ पट्टा गायब असतो. तिथे पथफरक बरोबर पाच तरंगलांबी आहे, तरीही अंधार, कारण त्या दिशेला प्रत्येक फटीच्या स्वतःच्या रुंदीतून आलेले भाग आपसातच रद्द होतात आणि बेरीज करायला काही उरत नाही.

तिसरे विधान सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर देणे योग्य. मध्याजवळच्या भागात एकच फट उघडी असताना भिंतीवर पडणारा प्रखरपणा १ मानू. दोन्ही फटी उघडल्या की सरळ बेरजेने सगळीकडे २ यायला हवेत. पण प्रखरपणा हा विचलनाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जिथे विचलन दुप्पट होते तिथे प्रखरपणा चौपट, म्हणजे ४ होतो, आणि जिथे विचलने रद्द होतात तिथे ०. उजळ मध्यापासून काळ्या रेघेपर्यंत तो ४ वरून ० पर्यंत सलगपणे उतरतो आणि एका पूर्ण पट्ट्यावर काढलेली त्याची सरासरी येते २, ना कमी ना जास्त. काळ्या रेघेवरून जे हरवले ते शेजारच्या उजळ पट्ट्यात जादा सापडते. ऊर्जेची वाटणी बदलली. बेरीज तीच राहिली. हे हातानेही तपासता येते: काळ्या रेघेवर प्रकाशमापक ठेवून एक फट झाकली की तिथला आकडा शून्याजवळून वर चढतो, आणि उजळ मध्यावर ठेवून तीच फट झाकली की तो चौथ्या हिश्श्यावर येतो. अंधाऱ्या पट्ट्याकडेच बघत राहणाऱ्याला ऊर्जा नष्ट झालेली दिसते, तर उजळ पट्ट्याकडेच बघणाऱ्याला ती शून्यातून निर्माण झालेली दिसेल. विधान करणाऱ्याने दुसरी तक्रार केलेली नाही, एवढेच.

जाणकार वाचक इथे एक रास्त शंका काढतील. दोन स्पीकर तरंगलांबीच्या मानाने अगदी चिकटून ठेवले तर पथफरक कुठेच अर्ध्या तरंगलांबीपर्यंत पोहोचत नाही, सगळीकडे चौपट आवाज मिळतो आणि भरपाई करणारी शांत जागाच उरत नाही. मग जादा ऊर्जा कुठून आली? ती स्पीकरांतूनच आली. प्रत्येक पडद्याला आता शेजाऱ्याने निर्माण केलेल्या दाबाविरुद्धही हालचाल करावी लागते, आणि तीच हालचाल कायम ठेवण्यासाठी प्रत्येक स्पीकर एकटा असताना देत होता त्याच्या दुप्पट ध्वनिशक्ती बाहेर टाकतो. हिशेब इथेही जुळतो. फक्त तो भिंतीपाशी न मांडता उगमापाशी मांडावा लागतो.

उरले खोलीतले दोन दिवे. ते दोन्ही एकाच रंगाचे असले, तरी प्रत्येकाचा प्रकाश अगणित अणू-रेणूंनी आपापल्या वेळी सोडलेल्या तुकड्यांचा बनलेला असतो आणि दोन दिव्यांमधला ताल सेकंदाच्या एक अब्जांशापेक्षाही कमी काळात बदलत राहतो. प्रत्येक क्षणी पट्टे असतात असे म्हटले तरी चालेल, पण पुढच्याच क्षणी ते सरकलेले असतात. डोळा त्या सगळ्यांची सरासरी घेतो आणि सरासरी सर्वत्र २ येते. म्हणून भिंत एकसारखी उजळ दिसते. थॉमस यंगने ही अडचण उगम एकच ठेवून टाळली. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्याने खिडकीच्या झडपेतल्या बारीक छिद्रातून आलेला सूर्यप्रकाश आणि त्यात धरलेली इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कागदी पट्टी यांचे वर्णन केले आहे. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी जाणारा प्रकाश एकाच छिद्रातून आलेला असल्यामुळे त्याचा ताल बदलला तरी दोन्हीकडे एकदमच बदलत होता, आणि पट्टीच्या सावलीत रेघा स्थिर राहत होत्या. एका बाजूचा प्रकाश अडवताच सावलीतल्या त्या रेघा नाहीशा झाल्या.

दोन स्वतंत्र उगमांचे पट्टे अशक्य असतात, असे मात्र यावरून समजू नये. १९६३ मध्ये मॅग्यार आणि मँडेल यांनी दोन वेगवेगळ्या रुबी लेसरचे झोत एकमेकांवर पाडले आणि ताल बदलण्यापूर्वीच चित्र टिपले जाईल इतक्या अल्प काळासाठी प्रतिमानलिका उघडली. त्या चित्रांत पट्टे स्पष्ट आले. फक्त प्रत्येक वेळी ते वेगळ्या जागी होते.