मागच्या माणसाचा स्क्रीन

परवा शेंगाचटणीचा एक पुडा आणायला गेलो आणि दोन घेऊन आलो. दुसरा अजून फडताळात तसाच आहे. बायको विचारते, "उघडू का?" मी म्हणतो, "राहू दे." त्या पुड्याकडे बघितलं की कानशिलं तापतात.

जुळे सोलापुरात एक मोठं दुकान आहे. दुपारी तिथं जायचं कारण निम्मं किराणा आणि निम्मं एसी. काउंटरवर आता नवा थाट केलाय. बिल करणाऱ्या मुलीचा एक स्क्रीन तिच्याकडे तोंड करून, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा आपल्याकडे. ती वस्तू स्कॅन करत जाते तसं नाव, नग, भाव आपल्या बाजूला एकेक ओळ उमटत जातं आणि खाली बेरीज वाढत जाते. गिऱ्हाइकाला आपलं आपण तपासता यावं, हा हेतू. हेतूबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण तपासणार कधी? त्या वेळी गिऱ्हाईक वाकून ट्रॉली रिकामी करत असतं, दुसऱ्या हाताने पिशवी उघडत असतं आणि फोन कुठल्या खिशात आहे ते चाचपत असतं. अख्ख्या दुकानात त्या क्षणी रिकामा असा एकच माणूस असतो. रांगेत आपल्या मागे उभा असलेला. स्क्रीन खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, लख्ख उजेडाचा. तो खरं तर त्याच्यासाठीच लावलेला आहे.

माझ्या मागे एक आजोबा होते. पांढरा पायजमा, हातात फक्त एक काडेपेटीचा गठ्ठा. मुलीने मोबाइल नंबर विचारला, मी सांगितला, आणि स्क्रीनवर माझं नाव झळकलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली साठलेले 37 पॉइंट. आजोबांनी ते मोठ्यांदा वाचलं.

"म्हणजे तुम्ही मूळचे अक्कलकोटकडचे का ओ मालक?"

नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

मग वस्तू सुरू झाल्या. ज्वारीचं पीठ, 260. आजोबा: "पीठ विकत आणता? गिरणी नाही का घराजवळ?" साबणाचा गठ्ठा, 148. त्यावर मत नव्हतं. इसबगोल, 165. इथे ते जरा पुढे सरकले आणि आवाज खाली आणून, म्हणजे फक्त शेजारच्या दोन रांगांना ऐकू जाईल इतका, म्हणाले, "रात्री कोमट पाण्यातनं घ्या. दुधातनं नको."

पुढची ओळ आली: HAIR DYE NAT BLK. हल्ली कुठल्याच वस्तूचं धड नाव पडत नाही. मालाची यादी भरणारा माणूस कधीतरी घाईत नाव तोडून टाकतो, आणि मुलीच्या स्क्रीनवर जे असतं तेच आपल्या बाजूला येतं.

"न्याट म्हणजे काय ओ?"

"नॅचरल," माझ्या तोंडून निघून गेलं.

आजोबांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. सावकाश, कडेकडेनं.

"काका, पिशवी देऊ का?" मुलीने विचारलं. 89 रुपयांच्या कलपाचा उपयोग काय, सांगा.

आमच्या गल्लीतला वाणी पुड्याच्या कागदावर पेन्सिलीने आकडे मांडायचा. बेरजेत चुकायचा, आणि ते चुकणं नेहमी त्याच्याच फायद्याचं असायचं, हेही कबूल. पण तो कागद त्याच्या आणि माझ्यामध्ये होता. मागच्या माणसाला इसबगोल कळत नव्हतं. असो.

डाएट बिस्किटं, 85. चटणी, 95. मुलीने पेमेंटचं बटण दाबलं, स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यात चौकोनी कोड आला, खाली 937. मी फोन धरला, कोड वाचला गेला आणि पिनचा चौकट उघडला. तेवढ्यात आजोबा गरजले.

"थांबा! चटणी दोनदा वाजलीय की!"

मी वर बघितलं. चटणीच्या दोन ओळी. पुडा एकच. एकदा वाजवल्यावर मुलीने तो जरा वेळाने परत स्कॅनरसमोर आणला होता ना, तेव्हाच झालं. तोच बारकोड लगेच पुन्हा दिसला तर ते यंत्र सोडून देतं, पण जरा वेळ जाऊन दिसला तर दुसरी वस्तू समजून परत वाचतं.

"कापडगिरणीत घडी खात्यात होतो मी," आजोबा रांगेला म्हणाले. "ठाणं मोजण्यात जन्म गेला. नजर चुकत नाही."

मुलीने मागे जाऊन एक ओळ उडवली. डावीकडे बेरीज 842 झाली. उजवीकडचा कोड मात्र होता तिथेच. खरं तर बिल बदललं की तो कोड त्याच क्षणी पुसला गेला पाहिजे. आणि मी, रांग, आजोबा, अक्कलकोट आणि इसबगोल यांच्या माऱ्यात, पिन टाकून मोकळा झालो.

माझ्या फोनवर हिरवी खूण. 937 गेले.

दुकानाच्या स्क्रीनवर: पेमेंटची वाट पाहत आहे.

"आलं नाही काका."

"गेलेत ताई."

हा संवाद किती वेळा झाला ते मोजलं नाही. मोजले असणार आजोबांनी. घोळ समजला तो मॅनेजर आल्यावर. भिंतीवर चिकटवलेला दुकानाचा कोड वेगळा. त्यात रक्कम आपण भरतो. स्क्रीनवरचा कोड त्या एका बिलापुरता बनतो. त्याच्या पोटात am=937.00 असं लिहिलेलं असतं आणि सोबत त्या मागणीचा एक क्रमांक. म्हणूनच फोनवर आपल्याला रक्कम बदलता येत नाही. मुलीने ओळ उडवल्यावर मशीनने 842 ची नवी मागणी काढली, नव्या क्रमांकाची, आणि ती तिचीच वाट बघत बसली. माझे पैसे जुन्या क्रमांकावर पोचले होते, आणि तो क्रमांक मशीनच्या लेखी रद्द. पैसे दुकानाच्या खात्यात, आणि दुकान म्हणतंय आले नाहीत!

मॅनेजरने माझ्या फोनवरून UTR चे बारा आकडे उतरवून घेतले, आत जाऊन खातं बघितलं, जमा दिसली. आता 95 रुपये परत द्या म्हटलं. तर म्हणे, परताव्याची नोंद वरून होते, दिवस लागतील, रोख देता येत नाही कारण गल्ल्याचा हिशेब जुळणार नाही. मग चेहरा उजळला.

"साहेब, 937 चं बिल केलं तर सगळं जुळतंय."

"कसं करणार?"

त्याने मांडणीवरून चटणीचा आणखी एक पुडा आणला आणि माझ्यादेखत वाजवला. स्क्रीनवर चटणीची दुसरी ओळ परत आली, बेरीज 937, सगळे खूश. चूक यंत्राची, बटण त्यांचं, आणि ती निस्तरायला चटणी मी विकत घेतली. रांगेला इतकी घाई होती की भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

पिशवी उचलली. स्क्रीनवर धन्यवाद आलं, खाली माझं संपूर्ण नाव, पॉइंट 46. मग त्यावर शाम्पूची जाहिरात सुरू झाली.

मागून आजोबा काडेपेट्या पुढे सरकवत मुलीला म्हणाले, "बघितलं? दोनच होत्या चटण्या. उगीच काढायला लावली त्यांनी."