टाकीखाली बघा

"गोल हेडलॅम्प आणि थेंबाच्या आकाराची टाकी दिसली की ती बुलेटच्या घराण्यातली गाडी समजावी."

इथेच लोक फसतात. टाकी आणि दिवा बघून गाडी रेट्रो आहे एवढंच कळतं, घराणं कळतं ते टाकीखाली, इंजिनच्या पुढे. तिथे सांगाड्याच्या खाली येणाऱ्या दोन नळ्यांच्या मधे रेडिएटर दिसला तर ती नवी जावा असू शकते, ३५० सीसीची एनफिल्ड नाही, कारण जावाचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि त्या एनफिल्डचं हवेने. दिव्याच्या वर दोन बाजूंना छोटे पायलट लॅम्प असतील तर एनफिल्डकडे कल जातो, पण ते बाहेरूनही बसवता येतात म्हणून मी एकट्या त्यांच्यावर भरवसा ठेवत नाही.

मागच्या वर्षी माझा भाऊ कोपरीत सेकंडहँड गाडी बघत होता, विकणाऱ्याने फोटो पाठवून सांगितलं की २०२२ ची एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. टाकी, दिवा, रंग सगळं बरोबर वाटत होतं. मी झूम केलं तर इंजिनच्या पुढे एकच नळी खाली येत होती! २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या नव्या क्लासिकला तिथे दोन नळ्या आहेत, एक नळी म्हणजे जुनी पिढी. आरसी मागवली तर २०१७ ची निघाली. फक्त फोटो तिरका, पुढून काढलेला हवा, अगदी बाजूने काढला तर दोन नळ्या एकामागे एक लपतात आणि एकच दिसते.