मंगळावर एवढे अवाढव्य ज्वालामुखी, मग हवा कुठे गेली?

मंगळाबद्दल कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं, "मंगळ आतून गोठला, चुंबकीय क्षेत्र गेलं, सूर्याने हवा उडवून नेली, संपलं." मला हे वाक्य खटकतं कारण त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही अर्धवट आहेत. आणि त्यात तो ऑलिम्पस मॉन्स कुठे बसतो हे कोणी सांगतच नाही. ज्या ग्रहावर २२ किलोमीटर उंच आणि ६०० किलोमीटर रुंद ज्वालामुखी आहे, म्हणजे पुण्याहून निघालात तर जवळपास नागपूरपर्यंत त्याचाच उतार चालू, त्या ग्रहाने वायू काही कमी ओकलेला नाही. तरी आज तिथला हवेचा दाब आपल्या एक टक्क्यापेक्षाही कमी. कसं काय?

आधी ज्वालामुखी एवढा मोठा कसा झाला ते बघू, आणि त्यासाठी आपल्याच सह्याद्रीपासून सुरुवात करू. माळशेज घाटात कातळाचे जे एकावर एक आडवे थर दिसतात ना, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ज्या हॉटस्पॉटने, म्हणजे खोलवरून तापलेला खडक वर येतो त्या जागेने, तो ओतला तो हॉटस्पॉट आजही चालू आहे, फक्त आता तो आपल्याखाली नाही, इथून साडेचार हजार किलोमीटरहून लांब हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. हॉटस्पॉट फारसा हलला नाही, आपणच आपल्या प्लेटवर बसून उत्तरेला निघून आलो आणि वाटेत त्याच्या खुणा सोडत आलो, दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवचा समुद्राखालचा डोंगर, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. म्हणजे एकाच भट्टीतला माल एवढ्या लांबवर पसरला गेला. रियुनियनच्या वाट्याला आलेला ढीग समुद्रतळापासून मोजला तरी साधारण ७ किलोमीटरच भरतो.

मंगळावर प्लेट सरकतच नाहीत. अख्खा ग्रह एकाच जाड, अखंड कवचाने झाकलेला आहे, त्याला शास्त्रज्ञ स्टॅग्नंट लिड म्हणतात, म्हणजे न हलणारं झाकण. खालची भट्टी जिथे आहे तिथेच आणि वरची जमीनही जिथल्या तिथे, मग कोट्यवधी नाही तर अब्जावधी वर्षं त्याच जागी थरावर थर. त्यात गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, म्हणून तेवढ्याच ढिगाचं वजन कमी, आणि खालचं कवच जाड असल्यामुळे ढीग फारसा खचत नाही. पृथ्वीवर हवाईचं मोठं बेट स्वतःच्या वजनाने समुद्रतळ वाकवतं आणि बुडत राहतं, तिथे एवढी उंची टिकलीच नसती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ऑलिम्पस मॉन्स हा "मंगळ किती तापलेला होता" याचा पुरावा नाही. मंगळाला उष्णता बाहेर टाकायचा चांगला रस्ता नव्हता याचा तो पुरावा आहे.

आता थंड होण्याकडे येऊ. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या साधारण निम्मा, त्यामुळे पृष्ठभाग २८ टक्के पण आकारमान फक्त १५ टक्के. प्रत्येक घनकिलोमीटर खडकामागे उष्णता निसटायला जवळपास दुप्पट पृष्ठभाग. वाटीतली आमटी पातेल्यातल्या आमटीच्या आधी निवते तसंच. त्यामुळे वरचा भाग लवकर थंड होऊन कवच जाड झालं, आणि इथेच खरी गंमत आहे, एकदा ते झाकण जाड झालं की ते आतली उष्णता अडवून धरतं. म्हणजे मंगळ आधी भरभर निवला आणि नंतर त्याचं निवणं रेंगाळलं. पृथ्वीवर थंड झालेली प्लेट खाली मॅन्टलमध्ये, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या खडकाच्या जाड थरात, बुडते आणि तिथलं तापमान उतरवते, तसं मंगळावर काहीच होत नाही.

"आतून गोठला" हे म्हणूनच चुकीचं. इनसाइट यान २०१८ मध्ये उतरलं, त्याच्या भूकंपमापकाने मंगळकंप नोंदवले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले. आडव्या थरथरीच्या लहरी, ज्यांना एस लहरी म्हणतात, द्रवातून जाऊ शकत नाहीत, त्या गाभ्यावर आपटून परत आल्या. म्हणजे गाभ्याचा मोठा भाग आजही द्रव आहे! मग चुंबकीय क्षेत्र का नाही? कारण चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गाभ्यातल्या डायनामोला नुसतं वितळलेलं लोखंड पुरत नाही, ते खळखळायला लागतं, आणि खळखळायला वरचा मॅन्टल गाभ्यातली उष्णता पुरेशा वेगाने ओढून घ्यायला हवा. जाड झाकणाखाली अडकलेला मॅन्टल ती ओढतच नाही. हेलास आणि आर्गायर ही जी प्रचंड आघात-विवरं आहेत त्यांच्या तळाच्या खडकात चुंबकत्व जवळपास सापडत नाही, त्यावरून बऱ्याच जणांचा अंदाज असा की साधारण ४ अब्ज वर्षांपूर्वीच हे क्षेत्र बंद पडलं होतं. काही अभ्यास ते थोडं नंतर टिकलं असं म्हणतात.

बरं, मग क्षेत्र गेलं म्हणून हवा गेली? तसं असेल तर शुक्राचं काय करायचं? त्यालाही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, सूर्याच्या तो जास्त जवळ, आणि तरी हवेचा दाब आपल्या ९० पट. हा प्रश्न विचारला की चुंबकीय कवचाची सोपी गोष्ट तिथेच अडखळते.

मला जास्त पटणारं उत्तर एका साध्या रासायनिक क्रियेत आहे. मंगळाच्या वरच्या हवेत सूर्यप्रकाशामुळे ऑक्सिजन रेणूंवर धन प्रभार येतो. असा रेणू एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटला की तुटतो आणि दोन अणू दोन दिशांना उडतात, त्यांचा वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. मंगळावरून कायमचं निसटायला ५ पुरतात. शुक्रावर १० च्या वर लागतात, पृथ्वीवर ११. तीच क्रिया, तोच वेग, पण शुक्रावर अणू परत खाली पडतो आणि मंगळावर तो गेला तो गेलाच. लहान असण्याची किंमत ही अशी आहे. मेव्हन यान २०१४ मध्ये, आपल्या मंगळयानाच्या दोनच दिवस आधी, तिथे पोहोचलं आणि त्याने हलक्या-जड अरगॉनचं प्रमाण मोजून दाखवलं की मंगळाच्या हवेत जेवढा अरगॉन कधीकाळी होता त्यातला साधारण ६५ टक्के अवकाशात गेलाय. अरगॉन कशाशीही संयोग पावत नाही, त्यामुळे तो खडकात मुरला अशी पळवाटच नाही.

कार्बन डायऑक्साइडचं मात्र तसं नाही, त्याचा काही भाग खडकातही अडकला. पृथ्वीवर तो चुनखडीत गेला तरी प्लेटबरोबर खाली जातो आणि ज्वालामुखीतून परत येतो. मंगळावर खडकात गेला की परत आणणारं कोणी नाही. क्युरिऑसिटीला गेल विवरात सिडेराइट हे लोहाचं कार्बोनेट चांगल्या प्रमाणात सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, तो हाच अडकलेला माल.

आणि भरपाई? थार्सिसचा पठारी प्रदेश, ज्याच्या कडेला ऑलिम्पस उभा आहे, तो घडताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या आजच्या दाबाच्या दीडपट हवा तयार करण्याएवढा असावा असा २००१ चा एक अंदाज आहे. पण त्यातला बहुतेक माल सुरुवातीच्या अब्जभर वर्षांतच बाहेर आला, नेमका तेव्हाच जेव्हा तरुण सूर्याचे अतिनील किरण जोरात होते आणि हवा सर्वात वेगाने निसटत होती. नंतर झाकण जाड होत गेलं, लाव्हा वर यायचं प्रमाण घटत गेलं. ऑलिम्पसच्या उतारावर अगदी २० लाख वर्षांपूर्वीचे वाटावेत असे ताजे प्रवाह आहेत, विवरं मोजून त्यांचं वय काढलंय, म्हणजे तो उद्या परत पेटला तरी मला नवल वाटणार नाही. पण एवढ्या कमी वेळा येणाऱ्या लाव्हातला वायू हवेचा दाब जाणवण्याइतका वाढवू शकत नाही.