चार हजार आठशे रुपये गेले कुठे?

"ऑफर लेटरवर महिन्याला ३३,००८ लिहिलेय, खात्यात २८,२०० येतात. वेर्ण्याच्या कंपन्या दर महिन्याला जवळजवळ पाच हजार खातात. पीएफ नको म्हणून लिहून द्या, सगळा पगार हातात येईल."

गोव्यातल्या नोकऱ्यांबद्दलची ही पोस्ट वाचली. त्यातले आकडे माझ्या भाच्याच्या पगाराशी तंतोतंत जुळले, म्हणून त्याची स्लिप मागून घेतली आणि दोघे पेन घेऊन बसलो.

डावीकडच्या रकान्यात बेसिक आणि डीए मिळून २२,००० आणि घरभाडे भत्ता ८,०००. म्हणजे ग्रॉस ३०,०००. उजवीकडे कपात एकच, पीएफ १,८००. स्लिपवर ३३,००८ हा आकडा कुठेच नाही, कारण तो पगार नसून कंपनीचा एकूण खर्च, म्हणजे सीटीसी आहे. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, पीएफचा प्रशासन खर्च आणि विमा मिळून १५० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद १,०५८ धरली आहे. हे ३,००८ रुपये ग्रॉसमध्ये कधी आलेच नव्हते, मग कापणार कुठून? भाच्याच्या पगारातून खरोखर गेले ते फक्त १,८००.

ग्रॅच्युइटी सीटीसीत धरण्याबद्दल कोणी तक्रार केली, तर ती मात्र मला रास्त वाटते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षे भरल्यावर मिळते. दोन वर्षांत नोकरी सोडणाऱ्याला ती पगाराचा भाग म्हणून दाखवणे दिशाभूलच आहे. ऑफर घेताना "ग्रॉस किती?" हेच विचारा.

आता लिहून देण्याचे. पीएफसाठीची पगार मर्यादा १५,००० धरून त्याचे १२ टक्के म्हणजे हे १,८००. बेसिक आणि डीए त्याहून जास्त असेल आणि आधी कधीच पीएफचे सभासद नसाल, तरच नोकरीला लागताना बाहेर राहता येते. भाच्याचा यूएएन हा पीएफ क्रमांक आधीच्या नोकरीतला, म्हणजे तो आधीपासून सभासद आणि ती वाट बंद. शिवाय त्याच्या १,८०० सोबत कंपनीच्या वाट्यातले ५५० त्याच्याच पीएफ खात्यात आणि १,२५० पेन्शन योजनेत जातात. बाहेर राहिले तर हेही गेले.

पैसे खाल्ले जातात ते वेगळ्या जागी. स्लिपवर कपात दिसते, पण पासबुकात भरणा नसतो. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून महिन्यागणिक ताडून बघा. दोन महिने कोरे दिसले तर स्लिपा घेऊन पणजीचे भविष्य निधी कार्यालय गाठा.

आणखी एक. पगार पुण्यातून निघत असेल आणि उजव्या रकान्यात प्रोफेशनल टॅक्सचे २०० दिसले, तर लगेच एचआरला मेल करा. तो महाराष्ट्राचा कर आहे. गोव्यात काम करणाऱ्याच्या पगारावर इथले सरकार तो लावत नाही.